हळदीचा कंटेनर, नागपूर आयसीडीतून दुबईला: फॉरवर्डरला कोणतं कागद कधी द्यायचं?

हळदकाठ · ४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. रिसोड तालुक्यात आमची लहानशी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिची कागदपत्रं मी सांभाळते. गेल्या वर्षी हळदीचा एक कंटेनर न्हावा शेवाहून गेला. तेव्हा सगळं फॉरवर्डरच्या माणसानेच उरकलं, आम्ही सांगतील तिथे सह्या केल्या. या वेळी भाड्याचा हिशेब बघून नागपूरच्या आयसीडीतून, म्हणजे तिथल्या कोरड्या बंदरातून, पाठवायचं ठरलं आणि फॉरवर्डरही नवीन आहे, मुंबईचा.

माल असा: पॉलिश केलेली हळकुंडं, २८० तागाची पोती, प्रत्येकी ५० किलो. सौदा दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंत सीआयएफ, म्हणजे किमतीत भाडं आणि विमा धरलेला. नागपूरहून १३ तारखेच्या गाडीवर डबा चढला पाहिजे, नाहीतर जहाज चुकतं.

अडचण अशी की फॉरवर्डर एकेक कागद मागतोय. आधी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मागितली, दिली. दोन दिवसांनी बँकेचं एडी कोडचं पत्र. आज सकाळी फायटो, म्हणजे मालात रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, दुपारी फ्युमिगेशन, संध्याकाळी 'व्हीजीएम कोण देणार?' आणि आत्ता मेसेज आलाय, 'उद्या चेकलिस्ट पाठवतो, लगेच ओके करा.' याला काही क्रम असतो का? आणि यातलं आमचं काम कोणतं, त्यांचं कोणतं?

आत्तापर्यंत झालेलं: आयईसी आहे, स्पायसेस बोर्डाची नोंदणी आहे. इनव्हॉइस २८ मार्चला काढलंय. पॅकिंग लिस्टवर निव्वळ वजन १४,००० किलो, एकूण वजनही १४,००० किलो.

---

एक्स्पोर्टभाऊ · ४ एप्रिल, रात्री १०:०५

ताई, टेन्शन घेऊ नका. एडी कोड गेल्या वर्षी झाला ना? तो एकदा कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर चढला की देशभर चालतो, परत काही करायचं नाही. जीएसटी न भरता माल पाठवायची एलयूटी पण गेल्या वर्षीची असेलच. चेकलिस्टला ओके म्हणा, तो ब्रोकरचा घरचा फॉरमॅट असतो, आपल्याला त्यातलं काही कळत नाही. खरं लक्ष फक्त फायटोकडे द्या, तिथे लोक अडकतात.

---

वरुडचा बागवान · ४ एप्रिल, रात्री १०:३०

ताई, आमी संत्रा बांगलादेशले पाठोतो. आमाले ना डबा लागत ना रेल्वे, ट्रक भरला का सीधा पेट्रापोल. तिथं एकदा पाच दिवस रांगेत ट्रक उभा होता, आर्धा माल नासला. काहून तं फायटोवर पेट्याईचा आकडा वेगळा न् चालानवर वेगळा. बारा पेट्याईचा फरक फक्त! मंग वरुडवरून नवा कागद येइलोक गाडी तितंच. म्हनून म्हनतो, सीमेवर आपला मानूस ठेवा.

---

कागदवाले काका · ४ एप्रिल, रात्री ११:५०

एकोणीस वर्षं नागपुरात कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात बिलं भरली, म्हणून थोडं लांबट लिहितो.

बागवान, तुमची गोष्ट रस्त्याच्या सीमेवरची आहे. इथे सीमेवर माणूस ठेवून उपयोग नाही. ताईंच्या मालाची कस्टम्स मंजुरी नागपुरातच होणार, पुढे बंदरावर डबा बंदच राहतो. पण बारा पेट्यांचा मुद्दा पक्का आहे आणि ताईंच्या कागदात तोच रोग मला दिसतोय.

एक्स्पोर्टभाऊ, तुमच्या दोन्ही गोष्टी अर्ध्या बरोबर आहेत आणि ताईंच्या बाबतीत दोन्ही महागात पडतील. देशभर चालतं ते प्रोत्साहन रक्कम जमा होण्याचं खातं. एडी कोड त्या त्या ठिकाणी नोंदवावा लागतो. न्हावा शेवाला नोंदलेला कोड नागपूरच्या शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदात, उचलला जात नाही. आणि एलयूटी आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चला ती संपली.

ताई, आता पहिली गोष्ट. फॉरवर्डर आणि ब्रोकर ही दोन कामं आहेत. फॉरवर्डर जहाजावर जागा घेतो, डबा आणतो, गाडी ठरवतो. शिपिंग बिल भरतो तो परवानाधारक ब्रोकर. तुमचा फॉरवर्डर मुंबईत बसून नागपूरच्या एखाद्या ब्रोकरकडून काम करून घेणार. ब्रोकर त्याला विचारतो, तो तुम्हाला विचारतो, म्हणून मागण्या तुकड्यातुकड्याने येतात. उद्या सकाळी पहिलं काम: ब्रोकरचं नाव आणि नंबर मागा, तिघांचा ग्रुप करा. फॉरवर्डर कुरकुर करेल, करू द्या.

दुसरी गोष्ट, इनव्हॉइस. २८ मार्चचं इनव्हॉइस, माल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यावर जुन्या एलयूटीचा क्रमांक असणार. मी असतो तर जीएसटी पोर्टलवर `RFD-11` भरून नवीन वर्षाची एलयूटी आजच घेतली असती (तासाभराचं काम) आणि इनव्हॉइस नव्या वर्षाच्या मालिकेत, नव्या तारखेने काढलं असतं. पण इनव्हॉइसचा क्रमांक बदलला की त्याच्या मागे जे जे आहे ते सगळं बदलतं: पॅकिंग लिस्ट, ई-वे बिल, फायटोचा अर्ज, मूळस्थान प्रमाणपत्र. म्हणून विचारतो, जुन्या क्रमांकावर आत्तापर्यंत काय काय भरलंय?

---

हळदकाठ · ५ एप्रिल, सकाळी ७:१५

काका, पोटात गोळाच आला. फायटोचा अर्ज परवा जुन्या क्रमांकावर भरलाय, तपासणी अजून व्हायची आहे. दुबईच्या ग्राहकाला सवलतीच्या शुल्कासाठी मूळस्थान प्रमाणपत्र हवंय, तो अर्ज मात्र अजून भरलेला नाही. एडी कोडचं पत्र आमच्या रिसोडच्या शाखेत मागितलं, तर मॅनेजर म्हणाले 'इथे परकीय चलनाचं काम होत नाही.'

आणि वजनात रोग कोणता? १४,००० बरोबरच आहे, प्रत्येक पोतं मी स्वतः उभी राहून काट्यावर बघितलंय.

---

कागदवाले काका · ५ एप्रिल, सकाळी ९:००

पोतं काट्यावर बघितलंत तेव्हा आत ५० किलो हळद होती की पोत्यासकट ५० किलो भरलं?

---

हळदकाठ · ५ एप्रिल, सकाळी ९:२०

हळद ५० किलो. काट्यावर रिकामं पोतं ठेवून शून्य करायचो, मग भरायचो.

---

कागदवाले काका · ५ एप्रिल, सकाळी १०:१०

मग एकूण वजन १४,००० असूच शकत नाही. रिकामं पोतं सुतळीसकट किती भरतं ते तोला. एकच नको, दहा पोती एकदम तोला आणि दहाने भागा.

---

हळदकाठ · ५ एप्रिल, दुपारी १:३०

दहा पोती सुतळीसकट ८ किलो. म्हणजे एकाला ८०० ग्रॅम.

---

कागदवाले काका · ५ एप्रिल, दुपारी २:४५

छान आकडा आला. २८० गुणिले ८०० ग्रॅम म्हणजे २२४ किलो. निव्वळ १४,०००, एकूण १४,२२४. पॅकिंग लिस्टवर हेच जाऊ द्या आणि इथून पुढे कुणी वजन विचारलं तर आठवणीने सांगायचं नाही, त्याच कागदाचा फोटो पाठवायचा.

सव्वादोनशे किलोने काय बिघडतं, असं वाटेल. डबा भरला की त्याचं प्रमाणित एकूण वजन जहाज कंपनीला द्यावं लागतं, तेच व्हीजीएम. २०१६ च्या १ जुलैपासून त्याशिवाय भरलेला डबा जहाजावर चढत नाही. समजा डब्याच्या दारावरच्या पाटीवर रिकामं वजन २,२३० किलो लिहिलंय. तुमच्या खऱ्या आकड्यात ते मिळवलं की १६,४५४. ट्रेलर वजनकाट्यावर भरलेला आणि रिकामा तोलला की चिठ्ठीवर साधारण १६,४६० येईल. ते मोठे काटे दहा-वीसच्या पटीत दाखवतात, तेवढ्या फरकाबद्दल कुणी विचारत नाही. पण तुमच्या लिस्टवर १४,००० राहिलं तर हिशेब १६,२३० आणि चिठ्ठी १६,४६०. सव्वादोनशे किलो म्हणजे साडेचार पोती. मग अधिकारी विचारणार, २८० च आहेत ना? मोजा.

निव्वळ आणि एकूण वजन सारखंच दिसलं की अनुभवी माणूस तिथेच थांबतो. पोत्याला वजन नसतं असं तुम्ही लिहून दिल्यासारखं होतं ते.

आता बँक. रिसोडच्या मॅनेजरचं बरोबर आहे. पत्र तुमच्या बँकेच्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेतून येईल. मॅनेजरला सांगा की पत्र नागपूर आयसीडीच्या नावाने हवंय. ते आइसगेटवर चढवायचं आणि मग नागपूरच्या कस्टम्सची मंजुरी यायची. ती होईपर्यंत ब्रोकर शिपिंग बिल भरू शकत नाही. म्हणून तुमच्या यादीत हे सगळ्यात वर. फायटो नाही.

---

अकोलेकर · ५ एप्रिल, दुपारी ४:००

माझाही एक प्रश्न जोडतो, धागा पळवतोय असं वाटू देऊ नका. आम्ही डाळ पाठवली, आयसीडीतूनच, आयजीएसटी भरून. परतावा अडकला, कारण `SB006` दाखवतंय. जीएसटीची हेल्पलाइन म्हणते कस्टम्सला विचारा, कस्टम्स म्हणते जहाज कंपनीला विचारा. पाच महिने झाले.

---

कागदवाले काका · ५ एप्रिल, सायंकाळी ६:२०

अकोलेकर, `SB006` म्हणजे डबा बंदरातून निघाल्याची नोंद, गेटवे ईजीएम, तुमच्या शिपिंग बिलाला जुळलेली नाही. आयसीडीच्या मालात हे नेहमीचं दुखणं आहे. बिल नागपूरचं, जहाज बंदराचं, दोन टोकांची गाठ कुणीतरी घालायची असते. तुमच्या फॉरवर्डरला शिपिंग बिल क्रमांक, डबा क्रमांक आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत एका मेलमध्ये पाठवून जहाज कंपनीकडून ती नोंद दुरुस्त करून घ्यायला सांगा. फोनवर नको, मेलवरच.

ताई, तुम्ही एलयूटीवर जाताय म्हणून हा परतावा तुम्हाला लागणार नाही. पण निर्यातदाराला करांपोटी मिळणारा रोडटेपचा लाभही ईजीएम जुळल्यावरच पुढे सरकतो. तेव्हा डबा गेल्यावर फॉरवर्डरला विसरू नका.

---

एक्स्पोर्टभाऊ · ५ एप्रिल, रात्री ८:१०

एडी कोडचं काकांचं बरोबर निघालं, आमच्या ब्रोकरला आत्ता विचारून खात्री केली. माझा गोंधळ झाला होता. पण इनव्हॉइस बदलायलाच पाहिजे होतं का? आमचं मार्चचं इनव्हॉइस एप्रिलमध्ये गेलंय, कुणी विचारलं नाही.

---

कागदवाले काका · ५ एप्रिल, रात्री ९:००

विचारलं नाही आणि चालतं यात फरक आहे. पण मान्य, यावर वेगवेगळ्या ऑफिसांत वेगवेगळी उत्तरं मिळतात. काही ब्रोकर जुनं इनव्हॉइस ठेवून बिलात फक्त नव्या एलयूटीचा क्रमांक टाकतात. माझं मत एवढंच की फायटोची तपासणी व्हायची आहे, मूळस्थानचा अर्ज भरलेला नाही, म्हणजे बदलायला आत्ताच सगळ्यात स्वस्त आहे.

---

हळदकाठ · ७ एप्रिल, रात्री ८:३०

नवीन एलयूटी झाली. नवीन इनव्हॉइस ५ एप्रिलचं, त्यावर पॅकिंग लिस्ट १४,०००/१४,२२४. फायटोचा अर्ज नव्या क्रमांकावर करून घेतला. बँकेचं पत्र अकोल्याच्या शाखेतून मिळालं, चढवलं, मंजुरीची वाट बघतोय.

आज ग्रुपवर वेगळीच गंमत उघडी पडली. फ्युमिगेशन कोण करणार, हे मी सहज विचारलं. फॉरवर्डर म्हणाला, 'तुम्ही गावाकडे करून घेणार होतात ना?' आणि आम्ही समजत होतो की डबा भरल्यावर तेच करणार. कुणीच बुक केलेलं नव्हतं.

---

कागदवाले काका · ७ एप्रिल, रात्री १०:१५

बरं झालं आज विचारलंत. डब्यात करायचं असेल तर एजन्सी अधिकृत हवी. वायू सोडल्यावर डबा किमान एक दिवस-रात्र बंद ठेवावा लागतो, वर हवा काढायला वेळ जातो. त्यांच्या प्रमाणपत्रावर डब्याचा क्रमांक येतो आणि फायटोवर प्रक्रियेची नोंद हवी असेल तर आधी ते प्रमाणपत्र लागतं. म्हणजे १३ ची गाडी धरायची तर डबा १० ला भरून झाला पाहिजे. ११ आणि १२ ला बाकीची कागदं. यात एकही दिवस मोकळा नाही.

अजून एक. ट्रकसोबत पाच-सहा रिकामी पोती पाठवा, त्यांवर तोच छाप मारलेला असू द्या. हमाल हुक लावून पोतं ओढतात, एखादं फाटतंच. साध्या पोत्यात हळद भरली की छाप नसलेलं एक पोतं पॅकिंग लिस्टशी जुळत नाही.

---

वरुडचा बागवान · ७ एप्रिल, रात्री १०:४०

हे पोत्याईचं खरं हाय काका. आमच्या पेट्याईले बी तसंच.

---

हळदकाठ · ९ एप्रिल, दुपारी १२:०५

एडी कोड मंजूर झाला! चेकलिस्ट आली आहे. फॉरवर्डर म्हणतोय पाच मिनिटांत ओके द्या. काका, आहात का? नेमकं काय बघू?

---

कागदवाले काका · ९ एप्रिल, दुपारी १२:२०

पाच मिनिटं नाही, अर्धा तास घ्या. चेकलिस्ट म्हणजे तुमच्या शिपिंग बिलाचा मसुदाच. शेजारी इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट उघडा आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून बघा. दुबईच्या पार्टीचं नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर. एलयूटीचा क्रमांक नवा आहे का. एचएसएन कोड. पोती, निव्वळ, एकूण. आणि तुमचा सौदा सीआयएफ आहे, तर त्यातून भाडं आणि विमा वजा करून एफओबी किंमत वेगळी दाखवली आहे का. पुढचे बरेच हिशेब त्याच आकड्यावर होतात.

---

हळदकाठ · ९ एप्रिल, दुपारी १:१०

दोन चुका सापडल्या.

एचएसएन `09103030` टाकलाय. आमच्या इनव्हॉइसवर `09103020` आहे. आणि रोडटेपच्या रकान्यात `RODTEPN` आहे.

---

कागदवाले काका · ९ एप्रिल, दुपारी १:३५

शाबास! `09103030` म्हणजे हळद पावडर. त्याने आधीच्या कुणाचं तरी पावडरचं बिल कॉपी करून तुमचं बनवलंय, आमच्याकडेही पोरं हेच करायची. पोत्यात हळकुंडं, फायटोवर हळकुंडं आणि बिलावर पावडर, असं गेलं असतं तर तपासणीला माल उघडल्यावर तिथेच थांबलं असतं.

`RODTEPN` म्हणजे आम्हाला लाभ नको. ते `RODTEPY` करायला सांगा. हे आत्ता एका अक्षराचं काम आहे. बिल भरल्यावर दुरुस्तीचा अर्ज, कलम १४९, अधिकाऱ्याची मंजुरी, आणि मिळेलच असं नाही. दुरुस्त चेकलिस्ट परत मागा, परत वाचा, मगच ओके. आणि ओके मेलवर द्या, 'दुसऱ्या दुरुस्तीची प्रत मान्य' असं लिहून.

---

एक्स्पोर्टभाऊ · ९ एप्रिल, दुपारी २:००

आम्ही दरवेळी अंगठा दाखवून ओके करायचो. जुनी बिलं काढून बघतो आता.

---

हळदकाठ · १२ एप्रिल, रात्री ९:५५

१० ला पहाटे शेलूबाजारहून समृद्धीने ट्रक काढला, दुपारी आयसीडीत माल उतरला. मी स्वतः गेले होते. तीन पोती फाटली, छापाची रिकामी पोती कामी आली. अधिकाऱ्यांनी दोन पोती उघडून हळकुंडं बघितली, छाप बघितला, पोती मोजली. संध्याकाळी डबा भरून कस्टम्सची निर्यात-मंजुरी, म्हणजे लिओ, मिळाली. मग फ्युमिगेशन. दारावरच्या पाटीवर रिकामं वजन २,२४० निघालं, काट्याची चिठ्ठी १६,४७०. फायटो आज दुपारी हातात आलं, डबा उद्याच्या गाडीच्या यादीत आहे.

दोन गोष्टी लटकल्यात. फ्युमिगेशनचे पैसे फॉरवर्डरने आमच्या बिलात लावलेत आणि वर 'तातडीचं शुल्क' जोडलंय. कोटेशनमध्ये फ्युमिगेशनचा उल्लेखच नाही, ना त्यांच्या बाजूला ना आमच्या. यावर काय करावं? आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा आलाय, त्यात एकूण वजन १४,२८० दिसतंय. हा आकडा कुठून आला काही कळेना.

---

कागदवाले काका · १२ एप्रिल, रात्री १०:२०

मसुदा आज रात्रीच परत पाठवा, १४,२२४ करून. १४,२८० म्हणजे कुणीतरी पोत्याला सरसकट एक किलो धरलाय, बुकिंगच्या वेळचा अंदाज तसाच राहिला असणार. मूळ प्रत छापल्यावर दुरुस्तीचे पैसे लागतात आणि दुबईत तुमच्या फायटोशी ते कागद लावून बघतील.

फ्युमिगेशनचं मूळ बिल एजन्सीच्या नावाने मागा, तेवढे द्या. तातडीच्या शुल्काबद्दल भांडा, पण मूळ बिल ऑफ लेडिंग हातात आल्यावर.

---

अकोलेकर · १३ एप्रिल, सकाळी ८:४०

काका, तुम्ही सांगितलं तसा मेल टाकला होता. दोनपैकी एक बिल काल रात्री सुटलं. दुसऱ्यावर अजून `SB006` च आहे, जहाज कंपनी म्हणते आमच्याकडून नोंद गेली आहे. आता कुणाला धरू?